उत्तर झाकून ठेवा!

'सर्वांत उंच', 'सर्वांत लांब', 'सर्वांत मोठा' आणि 'पहिली महिला' एवढे चार शब्दप्रयोग सरकारने एका वर्षापुरते जप्त केले, तर स्पर्धापरीक्षांच्या प्रश्नसंचांचा निम्मा बाजार दुसऱ्या दिवशी सकाळी बंद पडेल, अशी माझी पक्की खात्री आहे. ऐन दिवाळीत, चकली-करंजीचे ताट पुढे असताना हा कसला कडू विषय काढला, असे कुणी म्हणेल. म्हणोत बापडे! परंतु आज ज्या घरांत फराळाची ताटे मांडली आहेत, त्यांपैकी किती घरांत एक पाट रिकामा आहे, तेही जरा मोजून पाहावे. त्या पाटाचा धनी पुण्याला सदाशिव पेठेत चौघांच्या खोलीत एक कॉट भाड्याने घेऊन बसला आहे, आणि 'पूर्वपरीक्षा तोंडावर आली, यंदा येत नाही' असा त्याचा निरोप आला आहे. आई डब्यात चिवडा भरून एस.टी.ने पाठवते. वडील गप्प असतात. कारण मागल्या साली विकलेल्या एकरभर जमिनीचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.

हा मुलगा तिथे करतो काय? विचारा, म्हणजे तो अभिमानाने सांगेल, 'रोज दोनशे प्रश्न सोडवतो.' माझे भांडण आहे ते या 'सोडवतो' शब्दाशी.

हे सोडवणे कसे चालते, ते मी जवळून पाहिले आहे. मोबाइलवर रोज सकाळी पन्नास प्रश्नांची यादी येते. 'महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते?' खाली चार पर्याय, त्यांपैकी 'कळसूबाई' ठळक अक्षरांत आणि पुढे बरोबरची खूण. वाचणाऱ्याने प्रश्न वाचावा, खूण पाहावी, मान डोलवावी आणि पुढे सरकावे. शंभर पानांच्या पुस्तकातही तोच प्रकार. फरक इतकाच, की उत्तरे पानाच्या तळाशी उलटी छापलेली असतात आणि पुस्तक उलटे धरण्याचा व्यायाम तेवढा घडतो. याला प्रश्न म्हणायचे, तर दुकानावरच्या पाटीलाही प्रश्न म्हणावे लागेल. प्रश्न तो, की जो ऐकणाऱ्याला क्षणभर अडवतो. इथे कुणी अडतच नाही.

मी हे कोणत्या अधिकाराने बोलतो, असे विचारणाऱ्यास उत्तर देणे भाग आहे. तीस वर्षे तालुक्याच्या गावी भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर वाचनालयाच्या ओसरीतला एक जुना फळा मागून घेतला. त्यावर रोज सकाळी मी एक प्रश्न लिहितो. एकच. शेजारी एक लाकडी पेटी आहे. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींनी चिठ्ठीवर उत्तर लिहावे, त्याखाली एका ओळीत कारण लिहावे आणि ती पेटीत टाकावी. नाव लिहायचे नाही. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर येते. त्याआधी ते कुणी कितीही गळ घातली तरी मी सांगत नाही.

आमच्या गावातले एक वर्गचालक या फळ्याकडे पाहून मला म्हणाले होते, 'मास्तर, तुमचा एक प्रश्न होईस्तोवर आमची पोरं शंभर करतात!' बोलणे मोठे मजेदार होते. त्यावर मी त्यांना एक प्रयोग सांगितला. तोच आज वाचकांनाही सांगतो.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील रोडिगर व कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक छोटा उतारा वाचायला दिला. मग काहींना तोच उतारा पुन्हा वाचू दिला; इतरांकडून कागद काढून घेतला आणि आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दुसऱ्यांदा वाचणारे पुढे होते: त्यांना शंभरात 81 भाग आठवले, लिहिणाऱ्यांना 75. इथवर आमच्या वर्गचालकांचा जय! परंतु ज्यांची परीक्षा आठवड्याने घेतली, त्यांचे पारडे उलटे फिरले. वाचणाऱ्यांजवळ 42 उरले होते, आठवून लिहिणाऱ्यांजवळ 56. आणि याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात असे दिसले, की पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच आपल्याला पुढे आठवेल याचा भरवसा अधिक वाटत होता. ज्याची गाठोडी गळकी, त्यालाच ती भरलेली वाटते!

ठळक उत्तराच्या यादीने हेच होते. वाचताना सगळे ओळखीचे वाटते, आणि ओळखीलाच मुलगा ज्ञान समजतो. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. ती सहा महिन्यांनी असते.

आता या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर मीही त्या यादीवाल्यांच्याच पंक्तीला बसेन. तिथे विद्यार्थ्यांनी मनातून काढून लिहिले होते. चारांतला एक पर्याय निवडला नव्हता. पर्यायांच्या प्रश्नाला एक खोड असते. त्यात तीन खोट्या गोष्टी खऱ्यासारख्या सजवून मुलापुढे मांडलेल्या असतात. त्याने त्यांतली एक उचलली आणि कुणी सुधारले नाही, तर काही दिवसांनी तीच खोटी गोष्ट 'कुठे तरी वाचले होते बुवा' अशा रूपाने त्याच्या डोक्यात पक्की बसते. हेही रोडिगर यांनीच एलिझाबेथ मार्श यांच्यासह 2005 साली दाखवून दिले आहे. म्हणून नुसते 'उत्तर: ब' असे लिहून हात झटकणे म्हणजे औषध देऊन पथ्य न सांगणे होय. चुकीचा पर्याय चुकीचा का, हे प्रत्येकाबद्दल सांगितले, तरच प्रश्न शिकवतो.

हे सारे हवेत राहू नये म्हणून फळ्यावरचा एकच प्रश्न घेऊन दाखवतो.

भूगोलाच्या यादीत हमखास सापडणारा प्रश्न असा: 'गोदावरीचा उगम कोठे होतो?' उत्तर त्र्यंबकेश्वर. पाठ झाले, संपले. मी फळ्यावर लिहिले ते असे: 'गोदावरी त्र्यंबकेश्वरापाशी उगम पावते. तेथून अरबी समुद्र सुमारे 80 किलोमीटर. तरी ती 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का?' आणि खाली पर्याय दिले. अ: पश्चिमेची कोकणपट्टी नाशिकहून उंच आहे. ब: उगमापासून पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. क: डोंगर फोडण्याइतके पाणी उगमाशी नाही. ड: दक्षिणेतील सर्व नद्या पूर्वेकडेच वाहतात.

पाहा, उगम कोठे हे प्रश्नातच सांगून टाकले. जे पाठ करायचे ते फुकट दिले, आणि ज्याचा विचार करायचा ते मागून घेतले.

पर्याय मी मनाला येतील तसे लिहीत नाही. वर्गात तीस वर्षे मुलांच्या तोंडून जी चुकीची उत्तरे ऐकली, त्यांतूनच ते उचलतो. 'अ' लिहिणाऱ्याने नकाशा पाहिला आहे, पण नकाशात वर म्हणजे उंच आणि खाली म्हणजे सखल असे काहीसे त्याच्या डोक्यात आहे. घाट उतरून कोकणात जावे लागते, हे त्याने एस.टी.त बसून अनुभवले असले तरी नकाशाशी जोडलेले नाही. 'क' लिहिणाऱ्याला वाटते, की नदीला समुद्र जवळ कुठे आहे ते कळते आणि ती जोर लावून तिकडे जायला पाहते. 'ड' हा पाठांतरवाल्याचा सापळा. त्याने 'दक्षिणेतील बहुतेक नद्या पूर्ववाहिनी' हे वाक्य घोकलेले असते; त्यातला 'बहुतेक' कधी गळाला आणि 'सर्व' कधी आला, ते त्याला कळत नाही. शिवाय 'ड' हे कारणच नव्हे. 'हा का रडतो?' याला 'या घरातली सगळीच रडतात' असे उत्तर दिल्यासारखे ते आहे.

त्या दिवशी पेटीतून सर्वांत जास्त चिठ्ठ्या निघाल्या त्या 'ड'च्या. मला त्याचे वाईट वाटले नाही. उलट, उद्या काय शिकवायचे ते त्या चिठ्ठ्यांनी सांगितले. एका चिठ्ठीवर उत्तर 'ब' होते, पण कारणाच्या ओळीत लिहिले होते, 'बाकीचे बरोबर वाटत नाहीत.' दुसरीवर 'क' होते आणि कारण होते, 'डोंगराच्या पलीकडे पाणी जाऊ शकत नाही.' आता या दोघांत अधिक कुणाला कळले आहे? गुण पहिल्याला मिळतील. पण विचाराच्या वाटेवर दुसरा आहे. त्याला केवळ एक पाऊल पुढे न्यायचे आहे. कारणाची ती एक ओळ नसती, तर हे मला समजले असते काय?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर उत्तर लिहिले ते थोडक्यात असे. त्र्यंबकच्या डोंगररांगांची माथ्याची धार ही पाण्याची वाटणी करणारी रेघ आहे. धारेच्या पूर्वेला पडलेले पाणी पठाराच्या उताराने पूर्वेकडे जाते, ती गोदावरी. पश्चिमेला पडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते, ती वैतरणा. तीही त्याच डोंगरांत उगम पावते! तेव्हा 'ड' खोटा ठरला, कारण वैतरणा शेजारीच उलट वाहते आहे. 'क' खोटा ठरला, कारण नदी डोंगर फोडायला निघालेलीच नाही. ती जिथे उतार तिथे जाते. आणि 'अ' तर वैतरणेनेच खोडला. कोकण उंच असते, तर ती तिकडे उतरली कशी? एका वैतरणेने तिन्ही पर्याय निकालात निघाले. असे एक उदाहरण सापडले, की दहा पाने समजावण्याचे श्रम वाचतात.

परंतु इथेच थांबले तर पुन्हा घोकंपट्टी. म्हणून आठवड्याने तोच प्रश्न लुगडे बदलून आणला: 'महाबळेश्वराच्या एकाच माथ्यावर कृष्णा आणि सावित्री उगम पावतात. एक बंगालच्या उपसागराला जाते, दुसरी अरबी समुद्राला. का?' या वेळी पर्याय दिलेच नाहीत. ज्यांना गोदावरीचे मर्म कळले होते, त्यांनी 'माथ्याची धार' हे शब्द लिहिले. ज्यांनी 'उत्तर ब' एवढेच टिपून ठेवले होते, ते अडले. शिकवणे उतरले की नाही, याचे हेच माप. तोच प्रश्न पुन्हा विचारून ते कळत नाही. भावंड विचारावे लागते. मग महिन्याने तापी विचारावी. ती मुलताईला उगम पावून पठाराच्या उताराविरुद्ध पश्चिमेला कशी गेली? तिथे खचदरी समजून घ्यावी लागते, आणि कालचा नियम कुठवर चालतो तेही कळते.

'हे सारे ठीक, मास्तर. पण परीक्षेत गुण कसे मिळणार?' वर्गचालकांचा हा दुसरा बाण. तोही झेलतो.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न असतात, प्रत्येकी 2 गुण. आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या गुणांचा एक-तृतीयांश कापला जातो. आता समजा, एका मुलाला बारा प्रश्नांचे काहीच येत नाही आणि त्याने डोळे मिटून खुणा केल्या. चारांतून एक या न्यायाने सरासरी तीन बरोबर येतील, सहा गुण मिळतील. नऊ चुकतील, सहा गुण जातील. हाती भोपळा. परंतु प्रत्येक प्रश्नात एकेक पर्याय तरी त्याला नक्की खोडता आला, तर तिघांतून एक या हिशेबाने चार बरोबर, म्हणजे आठ गुण. आठ चूक, म्हणजे सव्वापाचाच्या आसपास वजा. पावणेतीनच्या जवळपास गुण पदरात. दोन पर्याय खोडता आले, तर सहा बरोबर आणि सहा चूक. बारांतून चार गेले, आठ उरले. काही न येणाऱ्या प्रश्नांतून आठ गुण! म्हणजे 'हे का नव्हे' हे ज्ञान परीक्षेतही रोख नाणे आहे. ठळक उत्तराच्या यादीने हे नाणे कधीच हाती येत नाही; कारण तिथे तीन चुकीच्या पर्यायांकडे कुणी पाहतच नाही.

आणि राज्यसेवेच्या मुलांना तर याहून मोठा धक्का बसला आहे. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे आयोगाने ठरवले, तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुले रस्त्यावर बसली आणि नवी पद्धत 2025 पासून आणण्याचे ठरले. त्या मुलांची भीती खोटी नव्हती. वर्षानुवर्षे ज्यांना केवळ खुणा करायला शिकवले, त्यांनी अचानक कागदावर कारणे कशी लिहावीत? त्यांना रोज एक ओळ कारण लिहायला कुणी लावले असते, तर एवढा कंप सुटला नसता. दोष मुलांचा नाही. ज्यांनी त्यांना हजार खुणा विकल्या, त्यांचा आहे.

वाईट प्रश्न ओळखावा कसा, हे आईबापांनाही कळावे म्हणून एक सोपी परीक्षा सांगतो. विषय न शिकलेल्या माणसाला तो प्रश्न द्यावा. त्याला उत्तर आले, तर प्रश्न फुटका समजावा. एका संचात मी वाचले, 'शरीरात संदेश वाहून नेणारी कोणती?' आणि पर्याय होते मेंदू, कान, चेतापेशी, हृदय. आमच्या सौभाग्यवतींनी शास्त्र कधी शिकले नाही. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, 'चेतापेशी.' कसे हो? तर 'वाहून नेणारी' म्हणजे ती. बाकी सगळे तो आणि ते! मराठीच्या लिंगांनी शास्त्राचा पेपर फोडला. तसेच सर्वांत लांबलचक पर्याय बहुधा बरोबर असतो, कारण लिहिणारा खऱ्या उत्तराला जपून अटी घालतो. आणि 'कधीच', 'सर्वच' असलेला पर्याय बहुधा चूक. अशा संचांतून मुले शास्त्र शिकत नाहीत, संच लिहिणाराच्या सवयी शिकतात. खऱ्या परीक्षेत त्या सवयी उपयोगी पडत नाहीत, मग म्हणायचे, 'पेपर अवघड होता.'

आता राहिला शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते तोच सर्वांत नाजूक. मुले उत्तर देतात कधी? चुकण्याची भीती नसते तेव्हा. पहिल्या महिन्यात माझ्या पेटीत दिवसाला दोन-तीन चिठ्ठ्या पडत. खेड्यातून आलेली एक मुलगी रोज फळ्यापुढे उभी राही, ओठांत काही पुटपुटे आणि निघून जाई. मी तिला काही विचारले नाही. फक्त फळ्याच्या कोपऱ्यात एक ओळ वाढवली: 'उद्या सर्वांत आधी एका चुकलेल्या उत्तराचे कौतुक होईल.' आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी एका चुकीच्या चिठ्ठीतले कारण, नावाशिवाय, फळ्यावर लिहून ते कुठवर बरोबर आहे ते दाखवले. त्या आठवड्यात चिठ्ठ्या वाढल्या. त्यांत तिची होती की नाही, मला ठाऊक नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. ती आता फळ्यापुढे पुटपुटत नाही, पेन काढते.

याउलट काही ठिकाणी पाहावे, तर पहिल्या तीन बरोबर उत्तरांची नावे झळकतात. तेच तिघे रोज उत्तर देतात, आणि उरलेले सत्तेचाळीस त्यांची उत्तरे वाचून मान डोलवतात. पुन्हा तेच! उत्तर दुसऱ्याचे, डोलणे आपले.

तथ्ये पाठ करूच नयेत, असे मी म्हणत नाही. कळसूबाईची उंची 1646 मीटर आहे, हे ठाऊक असावे, परीक्षेत येतेही. पण ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. त्यासाठी मुलाची उमेदीची वर्षे, आईचा चिवडा आणि बापाची जमीन खर्ची घालायची काय? जो कुणी प्रश्न लिहितो, छापतो, पाठवतो, त्याच्याकडे माझे तीनच हट्ट आहेत: उत्तर एक दिवस झाकून ठेवा, कारण मागा, आणि तिन्ही चुकीचे पर्याय का चूक ते सांगा. एवढे जमत नसेल, तर कृपा करून पन्नास प्रश्नांऐवजी पन्नास वाक्ये पाठवा आणि त्यांना वाक्येच म्हणा.

आता वाचक हो, तुम्हांलाही कोरडे सोडत नाही. ताटे मांडली आहेतच, घरातली चार पोरे भोवती असतील, त्यांना हा प्रश्न घाला. लक्ष्मीपूजन 2024 साली 1 नोव्हेंबरला आले आणि 2025 साली 21 ऑक्टोबरला, म्हणजे अकरा दिवस अलीकडे. मग 2026 साली ते आणखी अकरा दिवस अलीकडे यायचे सोडून 8 नोव्हेंबरला, म्हणजे अठरा दिवस पलीकडे कसे जाते? पर्याय देत नाही. आजीला विचारायला हरकत नाही, पण आजीने आधी सर्वांची कारणे ऐकून घ्यावीत आणि मगच तोंड उघडावे. पंचांग उघडायचे ते उद्या सकाळी!